पावसाळ्यात सोलरची युनिटं घटली : ढग की बिघाड?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझा फोन थांबत नाही. सातारा आणि आसपासच्या गावांत घरांच्या गच्चीवर सोलर बसवणं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं हा माझा धंदा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि पॅनल घराघरांवर चढली. उन्हाळ्यात बसवलेल्यांचा पहिला पावसाळा आला की सगळ्यांचा प्रश्न एकच: "दादा, एप्रिलात रोज चौदा युनिटं यायची, आता चार येतात. काहीतरी जळलंय."

दहापैकी आठ वेळा काहीच जळलेलं नसतं. उरलेल्या दोन वेळा खरंच बिघाड असतो, पण मालक "ढगच आहेत की" म्हणून दोन महिने गप्प बसलेला असतो. हे दोन्ही प्रकार घरबसल्या वेगळे ओळखता येतात. त्यासाठी लागणारी मोजमापं इन्व्हर्टरच्या पडद्यावर फुकट दिसतात.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर पुढचं वाचा.

- दिवसाची युनिटं उन्हाळ्याच्या निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर आली आहेत.
- बाहेर उजेड भरपूर आहे, तरी इन्व्हर्टर तीन-चारशे वॅटच दाखवतो.
- मोबाईलमधला आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली होतो.
- सकाळी यंत्रणा उशिरा सुरू होते, किंवा दिवसात मध्येच तास-दोन तास शून्य दिसतं.
- ऊन पडलं तरी युनिटं पूर्वीइतकी येत नाहीत.

पहिली तीन लक्षणं बहुतेक वेळा ढगांची असतात. चौथ्या आणि पाचव्याकडे मात्र मी कान टवकारतो.

आधी एवढं समजून घ्या, नाहीतर तपासणी आंधळी होईल

पॅनलच्या काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. चकतीच्या एका थरात फॉस्फरस अगदी चिमूटभर मिसळलेला असतो, दुसऱ्यात बोरॉन. हे दोन थर जिथे भेटतात तिथे एक कायमचं विद्युत क्षेत्र तयार होतं. त्याला एकाच दिशेचा उतार समजा. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, चकतीत शिरला आणि त्याच्याकडे पुरेशी ऊर्जा असली की तो सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन त्या उतारावरून एका बाजूला ढकलला जातो आणि वायरमधून फिरून परत येतो. हाच आपला करंट. उष्णतेचा यात काही वाटा नाही. उलट पॅनल तापलं की त्याचं व्होल्टेज पडतं.

मेख अशी आहे की एक फोटॉन साधारण एकच इलेक्ट्रॉन सोडवतो. त्यामुळे करंट किती, हे फोटॉन किती पडले यावर ठरतं. प्रकाश निम्मा झाला की करंटही निम्मा होतो. व्होल्टेज मात्र प्रामुख्याने सिलिकॉनच्या गुणधर्मावर ठरतं. एक चकती साधारण अर्धा ते पाऊण व्होल्टच्या दरम्यान देते, मग ऊन कडक असो की मवाळ. जेजुरीच्या पायऱ्या सोमवतीला असोत की एरवी, तेवढ्याच. चढणारी माणसं कमी-जास्त होतात. पायऱ्यांची उंची म्हणजे व्होल्टेज आणि चढणारी माणसं म्हणजे करंट.

म्हणून माझं सगळं निदान एका वाक्यावर चालतं: ढग करंट खातो, व्होल्टेज खात नाही. व्होल्टेज जागच्या जागी आणि करंट कमी असेल तर आकाशाकडे बघा. व्होल्टेजच एकदम खाली आलं असेल तर गच्चीकडे बघा.

"पण दादा, उजेड तर आहे की!" हे मला रोज ऐकायला मिळतं. इथे आपला डोळाच फसवतो. भर दुपारच्या उन्हात बाहेर साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. दाट ढगाळ दिवशी तो दहा-वीस हजारांवर येतो आणि घरातल्या ट्यूबलाईटखाली जेमतेम दोन-तीनशे. तरीही त्या ट्यूबखाली आपण पेपर वाचतो, कारण बाहुली मोठी होऊन डोळा जुळवून घेतो. पॅनलला असं जुळवून घेता येत नाही. त्याला जेवढे फोटॉन मिळाले तेवढाच करंट.

ढगातले पाण्याचे बारीक थेंब सूर्यप्रकाश चारी दिशांना विखुरतात. बराचसा वर आकाशात परत जातो. खाली येतो तो एका दिशेने न येता सगळ्या आभाळातून सांडल्यासारखा येतो. पॅनलवर लिहिलेले वॅट हे दर चौरस मीटरवर १००० वॅट ऊन आणि चकतीचं तापमान २५ अंश धरून प्रयोगशाळेत मोजलेले असतात. जुलैच्या दाट ढगात त्या हजाराचे शे-दोनशेच उरतात.

तपासणी १ : शेजाऱ्याला विचारा

सगळ्यात स्वस्त तपासणी. त्याच गल्लीत किंवा गावात कुणाकडे सोलर असेल तर त्याची त्याच दिवसाची युनिटं विचारा आणि दोन्हीकडच्या युनिटांना आपापल्या किलोवॅटने भागा. तुमचे पॅनल ५४० वॅटचे सहा असतील तर ३.२४ ने भागायचं. आमच्या भागात एप्रिलच्या स्वच्छ दिवशी किलोवॅटमागे साडेचारच्या आसपास युनिटं येतात, जुलैच्या ढगाळ दिवशी दीड-दोन, आणि दिवसभर अंधारून आलं तर एकाच्याही खाली.

तुलना त्याच गावातली हवी. महाबळेश्वरला धो धो कोसळत असताना फलटणला लख्ख ऊन असतं, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. फलटणच्या मेव्हण्याचे आकडे बघून भांडायला आलेला माणूस मी पाहिला आहे.

दोघांचे आकडे दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकाने जुळले तर इथेच थांबा. तुमचं काही बिघडलेलं नाही. पॅनलची दिशा आणि उतार वेगळा असल्याने तेवढा फरक पडतोच.

तपासणी २ : आलेखाचा आकार

मोबाईलमध्ये दिवसाचा आलेख उघडा. तुटक ढगांचा आलेख दातेरी असतो. पूर्ण ढगाळ दिवसाचा आलेख बुटका, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड असतो.  ढग आलेख कधी बरोबर शून्यावर नेत नाहीत.

त्यामुळे आलेख सरळ कड्यासारखा तुटून शून्यावर गेला असेल, तर ते काम ढगाचं नाही. पहिला संशय घ्यायचा तो लाईट गेल्याचा. बॅटरी नसलेला साधा सोलर इन्व्हर्टर बाहेरची लाईट गेली की मुद्दाम बंद होतो, कारण तुमच्या गच्चीवरची वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर जाऊ नये. पावसाळ्यात झाडं पडतात, फ्यूज जातात, आणि दिवसातले दोन तास लाईट नसली की तेवढा वेळ पॅनल असून नसल्यासारखे. लाईट आल्यावरही इन्व्हर्टर काही मिनिटं थांबून मगच जोडून घेतो. अशा दिवसाची घट लोक ढगांच्या नावावर टाकतात.

काही घरी उलटी गंमत होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात विरळ पांढरे ढग असताना आलेख क्षणभर उन्हाळ्यापेक्षाही वर उडी मारतो. ढगाच्या कडेवरून विखुरलेला प्रकाश थेट उन्हात मिसळतो आणि पॅनल थंड असतात, म्हणून असं होतं. हे मीटरचं वेड नाही, घाबरू नका.

तपासणी ३ : इन्व्हर्टरवरचे दोन आकडे

ही माझी आवडती तपासणी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये पॅनलकडून येणारे डीसी व्होल्ट आणि डीसी अँपिअर वेगळे दिसतात. दुपारी बारा ते दोनच्या मध्ये दोन्ही लिहून घ्या.

सहा पॅनलच्या घराचं उदाहरण घेऊ. सहाही एकामागे एक मालिकेत जोडलेले असतात, म्हणून त्यांचे व्होल्ट बेरजेत येतात आणि करंट सगळ्यांतून एकच वाहतो. त्या घरी एप्रिलच्या दुपारी २२० व्होल्ट आणि ११.८ अँपिअर होते, म्हणजे सुमारे २६०० वॅट. जुलैच्या ढगाळ दुपारी २३२ व्होल्ट आणि २.८ अँपिअर, म्हणजे सुमारे ६५० वॅट. वॅट चौथ्या हिश्श्यावर आले, पण व्होल्टेज कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलं. मालकाला हे काही पटेना.

त्याचं कारण असं. प्रकाश घटला की व्होल्टेज थोडंसं उतरतं, पाचव्या हिश्श्यावर आला तरी पाच-सहा टक्केच. पण एप्रिलात पॅनल साठ अंशांच्या पुढे तापतं, आणि पावसाळी वाऱ्यात ते तीस-बत्तीसला असतं. थंड सिलिकॉन जास्त व्होल्टेज देतं, म्हणून गेलेलं भरून निघतं आणि वर थोडं उरतं.

आता बिघाड कसा दिसतो ते बघा. वरच्या प्रकारच्या एका पॅनलमध्ये चकत्यांचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड. गटातली चकती झाकली गेली किंवा जळली, की डायोड करंटला बाजूने वाट काढून देतो आणि त्या गटाचे तेरा-चौदा व्होल्ट बेरजेतून गळतात. आख्खं पॅनल असं वगळलं गेलं तर चाळीसच्या आसपास. म्हणजे ढगाळ दुपारी २३२ च्या जागी १९० दिसत असतील, आणि हे रोज दिसत असेल, तर एक पॅनल कामावर नाही. तेरा व्होल्टची घट मात्र एका दिवसात कळत नाही, कारण तापमानानेच तेवढा फरक पडतो. म्हणून आठवडाभर एकाच वेळी आकडे लिहा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बसवल्या दिवसाचे आकडे इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर पेन्सिलने लिहून देतो. रंगारी येईपर्यंत ते टिकतात.

व्होल्टेज साफ शून्य असेल आणि बाहेर दिवस असेल, तर मालिका कुठेतरी तुटली आहे किंवा डीसी स्विच बंद आहे. स्विच कुणी बंद केला आहे का तेवढंच बघा.

तपासणी ४ : खालून वर नजर टाका

"पावसाने पॅनल धुऊन निघतात" हे अर्धंच खरं. धूळ जाते, पण पॅनलचा उतार कमी असेल तर खालच्या फ्रेमच्या कडेला पाणी अडतं, गाळ साठतो आणि एक-दोन बोटं रुंद चिखलाचा पट्टा बसतो. पावसाळाभर त्यावर शेवाळ धरतं. पट्टा दिसायला किरकोळ, पण तो चकत्यांच्या सर्वांत खालच्या ओळीवर येतो, आणि मालिकेत एक चकती उपाशी राहिली की तिच्या गटातल्या बाकीच्यांचा करंटही अडतो. कबुतरांच्या विष्ठेचंही तेच, ती एका पावसात जात नाही.

दुसरी गोष्ट झाडं. मे महिन्यात निष्पर्ण असलेलं झाड ऑगस्टमध्ये पसरतं, शेजारच्या मांडवावरची वेल कठड्यावरून डोकावते. ढगाळ दिवशी सावली पुसट असल्याने हे जाणवत नाही. ऊन पडल्या दिवशी मात्र तीच फांदी युनिटं खाते. "ऊन असूनही कमी" अशी तक्रार असली की मी आधी झाड शोधतो.

सफाई करायची तर सकाळी लवकर, साधं पाणी आणि मऊ फडका लावलेली लांब काठी. साबण पावडर नको, गाडी धुण्याचा प्रेशर पंप नको, पॅनलवर पाय ठेवणं तर नकोच. आणि स्लॅब निसरडा असेल तर त्या दिवशी गच्चीवर जाऊच नका. दोन युनिटांसाठी कंबर मोडून घेण्यात अर्थ नाही.

तपासणी ५ : सकाळी उशिरा सुरू होतं का?

पावसाळ्यातला खरा बिघाड मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडला आहे. गेल्या जुलैमधलं एक घर सांगतो. ३.२४ किलोवॅटची यंत्रणा, दिवसाला ३.४ युनिटं. मालकांचं म्हणणं, "ढग आहेत, चालायचंच." शेजारी चारच पॅनल होते, २.१६ किलोवॅट, आणि तिथे त्याच दिवशी ४.३ युनिटं. किलोवॅटमागे हिशेब केला तर यांच्याकडे १.०५ आणि शेजारी १.९९. एकच आभाळ, एकच भिंत, आणि जवळजवळ निम्मा फरक.

आलेख उघडला तर रोज सकाळी शून्य, आणि बारा-सव्वाबाराला एकदम सुरू. दुपारचे व्होल्ट-अँपिअर अगदी ठीक. म्हणजे पॅनल धडधाकट होते, इन्व्हर्टरच सकाळी सुरू व्हायला तयार नव्हता. त्याच्या जुन्या नोंदींत रोज `ISO Fault` पडलेला.

त्याचा अर्थ असा. दर सकाळी जोडून घेण्याआधी इन्व्हर्टर पॅनलच्या वायर आणि जमीन यांच्यातला विद्युतरोध तपासतो. तो फार कमी आढळला, म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत गळतोय, तर सुरू व्हायला नकार देतो. आम्ही मोजला तेव्हा सकाळी तो ४० किलोओहम निघाला. वर गेल्यावर कारण दिसलं. पॅनलखालच्या वायरी साध्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. उन्हाने त्या वर्षभरात कुजून तुटल्या, एक जोडणी, ज्याला आम्ही एमसी-फोर म्हणतो, स्लॅबवर पडली आणि साचलेल्या पाण्यात बसली. जोडणीचे नर आणि मादी भाग दोन वेगवेगळ्या बनावटीचे होते, त्यामुळे सील नीट बसलेलं नव्हतं. रात्रीच्या पावसाने पाणी आत, दुपारच्या वाऱ्याने सुकलं की यंत्रणा सुरू. जोडणीचे दोन्ही भाग एकाच बनावटीचे नवे लावले, वायरी स्टीलच्या पट्ट्यांनी वर बांधल्या, आणि रोध दोन मेगाओहमच्या पुढे गेला. दुसऱ्या दिवशी साडेसहालाच सुरू झालं.

खार आणि उंदराने कुरतडलेल्या वायरीचंही लक्षण हेच. फरक एवढाच की ती सुकल्यावरही पुरती बरी होत नाही.

तुम्ही करायचं ते इतकंच: आठवडाभर सुरू होण्याची वेळ आणि पडद्यावरचा संदेश लिहून ठेवा, फोटो काढा. पाऊस झाल्याच्या सकाळी उशीर आणि कोरड्या दिवशी वेळेवर असा मेळ बसला तर निदान जवळपास झालंच. दुरुस्ती मात्र तुमची नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पॅनलला बंद करायचं बटण नसतं. ढगाळ असलं तरी दिवस आहे तोवर ते जिवंत असतं, कारण वर सांगितलं तसं व्होल्टेज ढगाने उतरत नाही. सहा पॅनलचं मोकळं, म्हणजे करंट वाहत नसतानाचं, व्होल्टेज २९० च्या घरात जातं, आणि ते डीसी असतं. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी पेटली की पेटलेलीच राहते. चालू करंटवर एमसी-फोर ओढून काढला तर हातातच जाळ होतो. "आज ऊन नाही, करंट कमी आहे" म्हणून जोडणी उघडणाऱ्या एका हुशार गड्याच्या तळहातावर अजून डाग आहे.

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुढे तपासत बसू नका:

- `ISO Fault` किंवा जमिनीत गळतीचा कोणताही संदेश वारंवार येणं.
- फ्रेमला किंवा स्टँडला हात लागताच झिणझिण्या येणं.
- डीसी पेटीत पाणी, जोडणीवर तपकिरी डाग, जळका वास.
- पॅनलची काच तडकणं. आत पाणी गेलं की गळती ठरलेलीच.
- रोज दिसणारी चाळीस व्होल्टची घट.

यंत्रणा बंद करायची वेळ आली तर आधी इन्व्हर्टरचा एसी एमसीबी पाडा, मग डीसी स्विच. हात आणि पाय कोरडे हवेत. आणि इन्व्हर्टरमधून धूर येत असेल, तर स्विचच्याही भानगडीत न पडता घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला कळवताना छतावर सोलर आहे हे आधी सांगा.

बोलावलेला माणूस आल्यावर त्याच्याकडे इन्सुलेशन टेस्टर आहे का एवढं विचारा. नुसता मल्टिमीटर घेऊन आलेला असेल तर त्याला व्होल्ट दिसतील, गळती खात्रीने पकडता येणार नाही. आणि शक्य असेल तर त्याला पाऊस झाल्याच्या सकाळी नऊच्या आत बोलवा. दुपारी आला तर सगळं सुकलेलं असेल, तो "ठीक आहे" म्हणून चहा पिऊन जाईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शून्य.